एचआरला काय लिहायचं आणि काय नाही: मित्रास पत्र

प्रिय दादू,

एचआरला पाठवायचा म्हणून तू लिहिलेला मसुदा वाचला. सगळ्यात आधी त्यातल्या एका ओळीबद्दल बोलतो: ‘कधी कधी वाटतं, मी नसलेलाच बरा.’ ही ओळ मेलमधून काढ, पण मनात दाबून ठेवू नकोस. ती डॉक्टरला सांगायची आहे, आणि वहिनींनाही. पुन्हा तसं वाटलं तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मला फोन कर. मी नाही उचलला तर 14416 लाव. ती सरकारची टेलि-मानस सेवा आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. रविवारी मी पुण्याला येतोच आहे.

आता मसुदा. चार पानांत तू पहिल्या आयपीएल सट्ट्यापासून सगळं लिहिलंयस. आयडी कुणी मिळवून दिला, कुठल्या सामन्यात किती गेले, कुठल्या ॲपचं किती कर्ज, वहिनींचे दागिने कधी गहाण टाकले. हे सगळं खरं आहे आणि ते लिहून तुला हलकं वाटलं असेल. पण दादू, एचआरकडे गेलेला कागद फाईलला लागतो. आजच्या मॅडम समजूतदार आहेत, उद्या त्यांच्या जागी दुसरं कुणी येईल आणि तुझ्या बढतीच्या वेळी ती फाईल उघडेल. मी नाशिकला इतकी वर्षं याच खात्यात आहे. तिकडच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला काय लागतं ते सांगतो. आमच्यापुढे तीनच प्रश्न असतात. कामावर काय परिणाम झालाय? कंपनीला काही धोका आहे का? आणि या माणसाला आमच्याकडून नेमकं काय हवंय? तुझ्या चार पानांत या तिन्हींची उत्तरं नाहीत.

सट्ट्याचा तपशील काढायला सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला. त्याचा रोख खेळवणाऱ्यावर, जाहिरात करणाऱ्यावर आणि पैसे फिरवणाऱ्यावर आहे, खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण महाराष्ट्रात 1887 चा जुगारबंदीचा कायदाही आहे, आणि ज्याने तुला आयडी दिला तो तुमच्याच स्टोअरमधला आहे. त्याचं नाव कागदावर आलं की कंपनीला चौकशी लावावीच लागेल, मग तुझा विषय बाजूला पडेल. ‘जुगाराची सवय’ एवढे दोन शब्द पुरे आहेत. त्यात लपवाछपवीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याला आजार म्हणून जागा आहे आणि तुझे डॉक्टर त्याचेच उपचार करणार आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू अकाउंट्सला आहेस आणि व्हेंडरची पेमेंट रिलीज करायचा अधिकार तुझ्याकडे आहे. जुगाराचं कर्ज हे स्वतः गैरवर्तन ठरत नाही, पण कर्जात बुडालेला माणूस बँक पोर्टलवर बसलाय हे कळलं की फायनान्स हेडच्या पोटात गोळा येणारच. कंपनीच्या पैशाला हात लावलेला नाही असं तू लिहिलंयस, आणि मी ते मानतो. तरीही मेल पाठवायच्या आधी पेटी कॅश आणि ॲडव्हान्सच्या नोंदी एकदा मोजून जुळवून घे. काही फरक निघाला तर मेल थांबव आणि आधी वकिलाकडे चल, मी बरोबर येतो. सगळं जुळलं तर तो अधिकार काही महिन्यांसाठी स्वतःहून सोड. त्यांनी काढून घेतला तर तो ठपका होतो, तू सोडलास तर ती तुझी खबरदारी होते. महिन्याच्या क्लोजिंगला काही विचित्र निघालं तरी संशय तुझ्यावर येणार नाही. आणि खरं सांगू? सामना हरल्यावर हरलेलं परत मिळवायची जी ओढ तुला लागते, त्या क्षणी ते पोर्टल तुझ्यासमोर उघडं नसणं हे तुझ्यासाठीच हवंय.

पगाराची उचल मागितलीयस ती काढून टाक. मला माहीत आहे, त्यातून दोन ॲपची कर्जं फिटतील असा तुझा हिशोब आहे. पण त्या एका मागणीने सगळा मेल पैसे मागण्याचा होतो आणि उपचाराचा भाग कुणी वाचत नाही. शिवाय एकरकमी रक्कम सध्या तुझ्या हातात येऊच नये. हे ऐकायला कडू लागेल, तरी सांगतो.

मी असा लिहिला असता. तुमच्या मॅडम मराठीच आहेत, मराठीत पाठवलास तरी चालेल. एचआरच्या सामायिक मेलबॉक्सवर टाकू नकोस, तो तिथले सगळे उघडतात. मॅडमच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठव, सीसीत कुणीही नको.

‘विषय: वैयक्तिक व गोपनीय – भेटीची वेळ मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

गेले काही महिने माझ्या कामात कसूर होत आहे. दोन महिन्यांचे क्लोजिंग उशिरा झाले, जीएसटीच्या मेळात चुका राहिल्या आणि मी काही वेळा न कळवता गैरहजर राहिलो. याचे कारण जुगाराची सवय, त्यातून झालेले वैयक्तिक कर्ज आणि त्याचा ताण हे आहे. मी मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार सुरू करत आहे. कुटुंबाला कल्पना दिली आहे.

कंपनीच्या पैशांचा याच्याशी कोणताही संबंध नाही. तरीही खबरदारी म्हणून पेमेंट रिलीज करण्याचा माझा अधिकार तीन महिन्यांसाठी दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा, अशी माझी विनंती आहे. विभागातील दोन सहकाऱ्यांकडून मी उसने पैसे घेतले आहेत. ते परत करण्याच्या तारखा त्यांना लेखी देत आहे.

उपचारांसाठी दर गुरुवारी दुपारी चारनंतर जाण्याची परवानगी मिळावी, ही वेळ मी भरून काढेन. कर्जवसुलीसाठी कुणी कार्यालयात फोन केल्यास माझी कोणतीही माहिती देऊ नये आणि फोनचा क्रमांक मला कळवावा. माझ्या वरिष्ठांना कामापुरती माहिती आपण द्यावी, उपचारांचा तपशील मात्र आपल्यापर्यंतच राहावा.

तीन महिन्यांनी माझ्या कामाचा आढावा घ्यावा. प्रत्यक्ष बोलण्यासाठी वेळ द्यावी, ही विनंती.’

उसनवारीची ओळ तुला खटकेल. पण त्यातला एकजण तुझ्या हाताखालचा आहे. तो घाबरून आधी एचआरकडे गेला, तर साहेबाने ज्युनिअरकडून पैसे उकळले अशी तक्रार होईल. त्याचे पंधरा हजार सगळ्यात आधी परत कर, पहिल्या पगारातून. बँकेचा हप्ता थोडा थांबला तरी तो पोरगा थांबता कामा नये.

वसुलीच्या फोनचं मुद्दाम घातलंय. कर्ज घेताना तू अर्जात ऑफिसचा नंबर भरला आहेस, म्हणजे फोन आज ना उद्या येणारच. तो येण्याआधी तुझा मेल पोहोचलेला असला पाहिजे, या सगळ्या घाईचं कारण तेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तकंपनीच्या वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाइकांना आणि मित्रांना छळायचं नाही. तसं झालं तर आधी त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळव. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तुझ्या यादीतलं ते तिसरं ॲप मात्र मला नोंदणीकृत वाटत नाही. त्यांनी फोटो पसरवायची धमकी दिली तर थेट पोलीस आणि सायबरचा 1930.

‘पगारच जप्त करतो, एचआरला नोटीस लावतो,’ असं त्यांनी तुला म्हटलं होतं ना? फोनवरून कुणाचा पगार जप्त होत नाही. आधी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तो झाला तरी दिवाणी संहितेच्या कलम 60 प्रमाणे पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. तुझे बासष्ट हजार धरले तर फार तर वीस हजारांच्या आसपास हात लागू शकतो. सट्टेबाजाचं देणं तर कोर्टात वसूलच होत नाही, करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो. तो माणूस गेटवर आला तर सिक्युरिटीला सांगायचं, भेटायला जायचं नाही.

एक गोष्ट मात्र करू नकोस. हप्ते कापले जाऊ नयेत म्हणून पगाराचं खातं घाईने बदलू नकोस. तुझ्या मित्राने तसं सुचवलं म्हणतोस, पण पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं तर चेक बाऊन्ससारखा फौजदारी खटला होऊ शकतो. आधी बँकेत जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची, खात्याचं नंतर बघू.

मीटिंगमध्ये मॅडम रक्कम विचारतील. ‘पगारातून फेडण्याची योजना करतोय’ एवढंच सांग. आकडा सांगायला तू बांधील नाहीस. डॉक्टरचे कागद मागितले तर उपचार चालू असल्याचं प्रमाणपत्र दे, निदानाचे पेपर देऊ नकोस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे ती माहिती गोपनीय आहे आणि डॉक्टरही तुला विचारल्याशिवाय ती कंपनीला देणार नाहीत. तुमच्या कंपनीत समुपदेशनाची सोय आहे का तेही विचार. असली तर घे, पण समुपदेशकाकडून एचआरकडे काय जातं हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घे.

आणि मॅडमनी ऐकून घेतलंच नाही तर? तसंही होऊ शकतं. सगळीकडे माणसं सारखी नसतात. पण तेव्हाही तुझ्या हातात तारखेसह एक कागद असेल: चूक लपवली नाही, अधिकार स्वतः सोडला, उपचार मागितले. पुढे काही नोटीस आली तर उत्तराची सुरुवात तिथून करता येईल. नोटीस आलीच तर एकट्याने उत्तर लिहू नकोस आणि रागाच्या भरात राजीनामा तर मुळीच देऊ नकोस. नोकरी आहे तोवर बँक मुदत वाढवून देईल.

मेल मंगळवारी सकाळी जाऊ दे, तोवर पेटी कॅश जुळवून होईल. रविवारी बसून वहिनींसमोर देण्यांची यादी करू: कुणाचं, किती, व्याज काय, हप्ता कधी. सगळे मेसेज आणि बँकेची स्टेटमेंट काढून ठेव, लाज वाटते ती सुद्धा. दुपारच्या जेवणाला मी आहे असं वहिनींना सांग.

तुझाच,
नाना