भाषणातले बाबा आणि एमाच्या घरची माणसं

चि. मन्या,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लग्नातल्या भाषणाचा मसुदा वाचला. मग फोनवर टायमर लावून मोठ्याने वाचला. अकरा मिनिटं होतात. नवऱ्या मुलाने तिथे सहा-सात मिनिटांवर जाऊ नये. जेवणं नुकतीच झालेली असतात, तुझ्याआधी एमाचे वडील बोललेले असतात आणि तुझ्यानंतर तुझा बेस्ट मॅन बोलायचा असतो. इतकी वर्षं सभा-समारंभांचं निवेदन करून मला एवढं नक्की कळलंय की माणसं भाषण किती चांगलं होतं हे विसरतात, पण किती लांबलं हे लक्षात ठेवतात.

कापाकापीचं नंतर बघू. आधी बाबांचा परिच्छेद. तू तो शेवटी ठेवलायस आणि तो दीड पान आहे. सगळं हसतखेळत झाल्यावर शेवटी वडिलांची आठवण, मग डोळे पुसत पेला उंचावायचा, असा बेत दिसतो. तसं करू नकोस. शेवटी ठेवलंस तर आधीची सगळी मिनिटं तू त्या परिच्छेदाची वाट बघत बोलशील आणि तुझ्या चेहऱ्यावर ते दिसेल. शिवाय तुझ्यानंतर उठणाऱ्या बेस्ट मॅनला रडवेल्या हॉलसमोर विनोद करावे लागतील. बिचारा! बाबा सुरुवातीला येऊ देत. पाहुण्यांचे आभार आणि तुमच्याकडचं ते ‘मी आणि माझी पत्नी’ म्हटल्यावर होणारा गलका संपला की लगेच. आपल्याकडे तरी काय करतात? कार्याच्या आधी नांदीश्राद्ध होतं, पितरांना बोलावून त्यांचा मान झाला की मगच मंडपातली गडबड सुरू.

आणि दीड पान नको, चार-पाच वाक्यं पुरेत. ‘प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक’ हे सगळं काढ, ते कुणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येतं. आजारपण, हॉस्पिटल, शेवटचे दिवस, काहीच नको. तिथल्या निम्म्या माणसांनी बाबांना पाहिलेलं नाही, त्यांना एकच गोष्ट अशी दे की माणूस डोळ्यांसमोर उभा राहील. तू पुण्याला कॉलेजला जायचास तेव्हा बाबा तुला सांगलीच्या स्टँडवर बसमध्ये बसवायचे आणि बसचा नंबर बॉलपेनने तळहातावर लिहून घ्यायचे. तू पोचल्याचा फोन येईपर्यंत हात धुवायचे नाहीत, जेवायचे चमच्याने. ही गोष्ट तुझ्या मसुद्यात नाहीच! तीच घे. मी मराठीत लिहिते, तू तुझ्या इंग्रजीत कर:

‘माझे बाबा आज इथे असायला हवे होते. मी घरून निघालो की ते माझ्या बसचा नंबर तळहातावर लिहून ठेवायचे आणि मी पोचल्याचं कळेपर्यंत तो हात धुवायचे नाहीत. एमा आणि बाबांची भेट झाली नाही. पण मी रात्री टॅक्सीत बसलो की एमा नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवते. त्या दोघांचं छान जमलं असतं.’

एवढंच. हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. शेवटचं वाक्य एमापाशी येतं, म्हणून तिथून पुढे तिच्याविषयी बोलायला तुला वेगळा सांधा शोधावा लागणार नाही. लोक आधी गप्प होतील, मग हसतील. त्यांना हसू दे, पाण्याचा घोट घे आणि पुढे जा. दोन मिनिटं शांतता पाळा असं मात्र म्हणू नकोस. ती शांतता संपवायची कशी हे नवरदेवाला जमत नाही आणि नेमके तेव्हाच मागे वाढपी बश्या गोळा करत असतात. काही करायचंच असेल तर तिकडे आज नसलेल्यांच्या नावाने पेला उंचावायची पद्धत आहे, ती तिथेच उरकून घे. त्यात एमाची आजीही येईल, आणि उभं राहून पुन्हा बसलं की लोकांनाही तो विषय पुरा झाल्यासारखा वाटतो.

मसुद्यात तू दोनदा ‘बाबा, तुम्ही असता तर…’ असं थेट त्यांच्याशी बोलला आहेस. गळा तिथेच दाटतो. गेलेल्या माणसाला हाक मारली की बोलणाऱ्याचा आवाज जातो आणि ऐकणाऱ्यांना दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं होतं. बाबांविषयी बोल, बाबांशी नको. रोज एकदा उभा राहून मोठ्याने म्हण. पहिले काही दिवस रडू येईल, येऊ दे. पण दर वेळी एकाच वाक्यावर अडकत असशील तर ते वाक्य बदल, स्वतःला बदलायला जाऊ नकोस.

आता अवघड भाग. तू लिहिलंयस, ‘एमाच्या आईवडिलांनी तिला जे घर दिलं…’ अरे, ती नऊ वर्षांची असताना ते घर मोडलं! त्या दोघांना एका वाक्यात बांधलंस की हॉलमधली सगळी माणसं त्यांच्या चेहऱ्याकडे बघणार. तिघांचे आभार तीन वेगळ्या वाक्यांत मान, नावं घेऊन. वडील नुकतेच बोललेले असतील, म्हणून आधी त्यांना उत्तर दे. कोण पहिला हा प्रश्नच मग उरत नाही. नंतर तिची आई, मग आईचे यजमान. प्रत्येकाची एकेक खरी गोष्ट सांग. त्या यजमानांनी तिला गाडी शिकवली, पहाटे पोहण्याच्या सरावाला नेलं, हे तूच मला सांगितलं होतंस. ते सांग, पण त्यांना ‘दुसरे बाबा’ म्हणू नकोस. एमा त्यांना नावाने हाक मारते, तूही नावच घे. ही तीन वाक्यं एमाला आधी दाखव. बाकीचं भाषण तिच्यासाठी गुपित राहू दे, पण तिच्या माणसांना काय म्हणायचं हे तिने ठरवायचं.

आणि एक वाक्य आजच खोड. ‘बाबा गेल्यावर आईने दुसऱ्या लग्नाचा विचारही केला नाही, याला म्हणतात निष्ठा.’ माझं कौतुक करायला लिहिलंस, कळलं मला. पण समोर एमाची आई दुसऱ्या नवऱ्याशेजारी बसलेली असेल. माझ्या गळ्यात घातलेला हार तिच्या तोंडावर चपराक होईल. शिवाय ते खरंही नाही. विचार आला होता, जमलं नाही, आणि ती निष्ठा नव्हती. आजी-आजोबांच्या ‘पन्नास वर्षांच्या अखंड संसारा’चंही तेच. एरवी गोड वाटलं असतं, या हॉलमध्ये तो टोमणा होतो. गेलेल्या माणसाला मोठं करताना जिवंत माणूस लहान होत नाही ना, एवढं प्रत्येक ओळीला विचारून बघ.

माझे आभार मानायचे तर एका वाक्यात मान. मला उभं करू नकोस. टाळ्या वाजल्या की मला हात कुठे ठेवावेत कळत नाही.

भाषण फोनवरून वाचू नकोस. मोठ्या टायपात जाड कार्डांवर छाप, बाबांचं सगळं एकाच कार्डावर येऊ दे, मध्येच पान उलटावं लागायला नको. त्या कार्डाची एक प्रत बेस्ट मॅनच्या खिशात ठेव. तू थांबलास तर त्याने न विचारता उठून ती वाचायची, हे आधीच ठरवून घे. असं ठरलेलं असलं की सहसा वेळ येत नाही.

सुधारलेलं लिहून पाठवू नकोस, बोलून रेकॉर्ड करून पाठव. रविवारी ऐकते. एमाला आणि तिच्या घरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग, सगळ्यांना वेगवेगळा.

तुझी,
आई