बंद केलेला नंबर बंद होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओटीपी कुणाला सांगू नका, हे आपल्या अंकातून आणि फोनच्या कॉलर ट्यूनमधूनही आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की नातवालाही पाठ झालं. पण आमच्या घरी उलटंच घडलं. कुणीही कुणाला काही सांगितलं नाही, आणि तरी परक्या बाईंचे ओटीपी आमच्याकडे येऊ लागले. दूरसंचार खात्यात माझी नोकरी झाली, त्यामुळे हे का होतं ते ठाऊक होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात होताना पाहणं निराळं.

गेल्या मे महिन्यात सौ.साठी नवीन सिम घेतलं. आधार दाखवलं, अंगठा दिला, दुकानातून नंबर मिळाला. चार दिवसांत मेसेज सुरू झाले. एका बँकेचा, खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून. एका शाळेचा, पालकसभा शनिवारी आहे म्हणून. गॅस सिलिंडर आणून देणाऱ्याला सांगायचा कोडही आला. आमच्या सिलिंडरला अजून महिना होता. नंबर कुणाचा तरी जुना आहे, एवढं कळलं. नंतरचा प्रकार मात्र मलाही जड गेला. सौ.ने किराणा मागवायचं एक ॲप उतरवलं. त्याने नंबर मागितला, हिने दिला. सहा आकडी ओटीपी आला, तो ॲपने आपणच वाचून घेतला, आणि पडद्यावर कुण्या दुसऱ्याच बाईंच्या नावाने स्वागत झालं. घरचा पत्ता कराडचा. मागच्या वर्षीच्या सगळ्या खरेद्या, पाकिटात शिल्लक ८४ रुपये. ही घाबरून म्हणाली, "अहो, मी काही चोरी केली का?" मी आधी लॉगआउट करायला लावलं.

चोरी हिने केली नव्हती, पण चोराला यापेक्षा काही जास्त करावं लागलं नसतं.

ओटीपी म्हणजे काय, हे एकदा सरळ मांडतो. आपण नंबर टाकला की कंपनीचा संगणक सहा आकडी यादृच्छिक संख्या काढतो आणि त्या नंबरापुढे ती नोंदवून ठेवतो. ती काही मिनिटंच चालते आणि दोनचार चुकांनंतर रद्द होते. सहा आकड्यांच्या दहा लाख जोड्या होतात, म्हणजे अंदाजाने बरोबर येणं जवळपास अशक्य. इथपर्यंत व्यवस्था भक्कम आहे. मग ती संख्या एसएमएसने निघते, आणि पुढचा प्रवास त्या ॲपच्या हातात नसतो.

प्रत्येक मोबाइल कंपनीकडे एक मोठी नोंदवही असते, आमच्या भाषेत एचएलआर. तिच्या एका रकान्यात आपला दहा आकडी नंबर आणि समोरच्या रकान्यात सिमकार्डाचा स्वतःचा क्रमांक, जो बहुधा पंधरा आकडी असतो आणि आपल्याला कधी दिसत नाही. एसएमएस आला की वही उघडली जाते, या नंबरासमोर आज कोणतं सिम आहे ते पाहिलं जातं, आणि ते सिम ज्या टॉवरखाली असेल तिकडे मेसेज जातो. वहीत 'आज' आहे, 'काल' नाही. कराडच्या बाईंचं सिम त्या ओळीतून खोडलं गेलं, आमचं लिहिलं गेलं. ॲपच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. ओटीपी बरोबर परत आला, म्हणजे माणूस तोच, असं त्याने धरलं. खरं तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की या क्षणी त्या नंबराचं सिम कुणाच्या तरी हाताशी आहे.

सिम-स्वॅपची लबाडी याच वहीवर चालते. भामटा खोट्या कागदांवर तुमच्या नंबराचं नवं सिम काढतो, दुसरा रकाना बदलतो आणि ओटीपी त्याच्याकडे वळतात. आपल्याला कळायची खूण एकच: शेजाऱ्यांच्या फोनला रेंज आणि आपला तासन् तास मुका. हे ओळखूनच सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम केला आहे. नवं सिम घेऊन मेसेज येत नाहीत म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता, नंबर दुसऱ्याला देतातच का? आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि त्यांच्या मालिका कंपनीनिहाय, विभागनिहाय वाटलेल्या आहेत. पडून राहिलेला नंबर कुणी कायमचा पडू देत नाही. तोडलेला नंबर किमान ९० दिवस कुणाला द्यायचा नाही, एवढीच अट. हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने याचिका निकाली काढताना सांगितलं की बंद नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळणारच, तेव्हा आपली माहिती आधी काढून घेणं हे ग्राहकाने पाहावं. कायद्याने ते ठीक असेल. पण रिचार्ज महागलं म्हणून दुसरं सिम वाऱ्यावर सोडणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

कराडच्या बाईंना नव्हतं. ॲपमधला पत्ता लक्षात राहिला होता, तिथे मी एक पत्र टाकलं. आठवड्याने त्यांचा फोन आला, घरी शिवणकाम करतात. सगळं ऐकून म्हणाल्या, "पण काका, तो नंबर मी बंदच केला होता ना? मग प्रश्नच मिटला की." त्यांना वाटलं होतं, नंबराबरोबर त्यावरची सगळी खाती आपोआप मिटली. आम्ही मग फोनवरच यादी केली. बँक, गॅस, आधार, शाळा, ईमेलचा रिकव्हरी नंबर, किराण्याचं ॲप, कापड मागवायचं ॲप. सात निघाले, त्यातले दोन त्या पार विसरल्या होत्या. ईमेलवर आम्ही सगळ्यात आधी हात घातला. पासवर्ड विसरलो असं म्हटलं की तिथेही ओटीपी नंबरावरच येतो, आणि एकदा ईमेल उघडला की बाकीच्या खात्यांच्या चाव्या त्यातच सापडतात.

तर मग या कंपन्या नंबराच्या एवढ्या मागे का? पासवर्ड लोक विसरतात, हे कारण त्या सांगतात आणि ते खोटं नाही. दुसरं कारण त्या कमी बोलून दाखवतात. ईमेल फुकट मिळतो, एका दुपारी पन्नास उघडता येतात. सिमला मात्र ओळखपत्र लागतं, आणि एका माणसाच्या नावावर साधारणपणे नऊच घेता येतात. म्हणजे नंबर मागितला की खोट्या खात्यांचा सुळसुळाट आपोआप आटोक्यात येतो, तोही मोबाइल कंपनीने केलेल्या कागदपत्रांच्या जिवावर. फुकटात मिळालेली पडताळणी कोण सोडेल?

तिसरं कारण पैशाचं. पत्ता बदलतो, ईमेल बदलतो, पण २०११ पासून कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो आणि सगळीकडे एकच असतो. औषधाच्या दुकानात दिलेला आणि बुटांच्या दुकानात दिलेला नंबर एक असला की दोन्ही याद्या जोडायला वेळ लागत नाही. सुरक्षेसाठी दिलेला नंबरही यातून सुटत नाही. ट्विटरने खात्याच्या सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिराती नेमक्या लोकांना दाखवायला वापरले, आणि त्याबद्दल २०२२ मध्ये अमेरिकेत १५ कोटी डॉलर दंड भरला. आपल्याकडे मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलं की बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. तरी गल्ल्यावरची मुलगी आधी नंबरच विचारते. तीही काय करणार, तिच्या यंत्रात तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नंबराच्या पाठोपाठ "ओटीपी आला असेल, सांगा" असंही म्हणतात. तो मेसेज आधी पूर्ण वाचावा. कधी तो पॉइंट्ससाठी असतो, तर कधी त्यात लिहिलेलं असतं की हा ओटीपी देऊन तुम्ही जाहिरातींच्या मेसेजना संमती देत आहात.

माझं म्हणणं ओटीपी वाईट आहे असं नाही. नुसत्या पासवर्डपेक्षा तो पुष्कळ बरा. तक्रार आहे ती एकट्या ओटीपीवर दार उघडण्याची. किराण्याच्या ॲपला दिसत होतं की हे खातं कित्येक महिने उघडलेलं नाही, फोन नवा आहे, गावही बदललं आहे. तेवढ्यावर त्याने पत्त्याचा पिनकोड विचारला असता तरी आमची सौ. बाहेरच राहिली असती. तोडलेल्या नंबरांची यादीही उपलब्ध आहे. दूरसंचार विभाग ती ठेवतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की ती पाहून आपल्याकडच्या नोंदी तपासा. आम्हाला किमान शिलकीचा मेसेज पाठवणाऱ्या बँकेने ती उघडलेली दिसत नाही. बँकांपलीकडच्या कंपन्यांनाही असं बंधन घालावं, ही मागणी आपल्या स्तंभातून पुढे जावी म्हणून हे पत्र.

पैशाच्या व्यवहारांत एसएमएसलाच चिकटून राहू नये, असा रिझर्व्ह बँकेचा रोख आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने नवे निर्देश काढले, १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. ज्या ईमेलला किंवा खात्याला सोय असेल तिथे मी स्वतः फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपचा कोड वापरतो. तो दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनमध्येच तयार होतो, त्यामुळे नोंदवहीत कुणाचं सिम आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. फोन हरवला तर मात्र पंचाईत. त्यासाठी दिलेले राखीव कोड मी डायरीत लिहून कपाटात ठेवले आहेत. यावर मुलगा हसतो.

कराडच्या ताईंच्या सातपैकी सहा ठिकाणचा नंबर बदलला. राहिली शाळा. तिथे दोनदा अर्ज देऊन झाला, पण निरोप अजून आमच्याकडेच येतात. परवा स्नेहसंमेलनाचा आला. सौ.ने पुढे पाठवला, आणि नाचात मुलगा कितव्या रांगेत आहे तेही विचारून घेतलं.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, सातारा