न कळवलेल्या ‘ब’ प्रतवारीबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामान्य प्रशासन विभाग, महाराष्ट्र शासन

महोदय,

मी पुण्यातील एका शासकीय कार्यालयातून आस्थापना शाखेचा अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेथील एका अनुसूचित जातीच्या सहकाऱ्याला सलग चार वर्षे ‘अ’ प्रतवारी मिळाली होती. नवे साहेब आले, त्यांनी पहिल्याच भेटीत गाव आणि ‘राखीवमधून का?’ हे विचारले आणि पाचव्या वर्षीच्या गोपनीय अहवालात एकाही प्रसंगाचा उल्लेख न करता ‘समन्वयाचा अभाव’ असा शेरा मारून ‘ब’ दिली. ही प्रतवारी त्याला कोणी कळवली नाही. ज्येष्ठतेत त्याच्या मागचा कर्मचारी पदोन्नत झाल्यावरच त्याला संशय आला.

दहा रुपये शुल्क भरून त्याने माहितीच्या अधिकारात स्वतःचे पाच वर्षांचे अहवाल आणि पदोन्नती समितीच्या इतिवृत्तातील स्वतःपुरता भाग मागितला. इतरांचे अहवाल वैयक्तिक माहिती म्हणून बहुधा नाकारले जातात, त्यामुळे ते मागण्यात वेळ घालवू नये, असे मीच त्याला सांगितले. तीस दिवसांत उत्तर आले नाही. प्रथम अपिलानंतर कागद मिळाले.

जातीय आकस होता हे सिद्ध करणे अवघड असते, कारण तो कागदावर कोणी लिहीत नाही. केबिनमध्ये दोघांतच झालेली जातिवाचक शिवीगाळही, ती ‘लोकांच्या दृष्टिपथात’ नसल्याने, अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या जातिवाचक अपमानाच्या कलमात सहसा टिकत नाही. प्रतवारी कळवली की नाही, हे मात्र पोचपावतीवरून लगेच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात ‘चांगला’ हा शेरासुद्धा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, असे स्पष्ट केले आहे. म्हणून या प्रतवारीविरुद्ध वरिष्ठांकडे केलेल्या लेखी अभिवेदनात आम्ही न कळवल्याचा मुद्दा आधी आणि आकसाचा नंतर मांडला. सोबत आधीच्या चार वर्षांचे अहवाल जोडले.

येथे माणसे एक चूक करतात. उत्तराची वाट पाहत ती स्मरणपत्रे पाठवत राहतात, पण स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमानुसार अभिवेदन फेटाळल्यापासून एक वर्षात, किंवा सहा महिन्यांत निर्णयच झाला नाही तर त्यापुढील एका वर्षात, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मॅटकडे, जावे लागते. पुणेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते, तो खर्च वेगळाच. मॅटने दाद दिली तरी थेट पदोन्नती क्वचितच मिळते. बहुतेकदा अभिवेदनाचा निर्णय करून समितीने प्रकरण पुन्हा तपासावे, असा आदेश होतो. प्रतवारी सुधारली तर मानीव दिनांक, म्हणजे मागच्या तारखेपासून पदोन्नती झाली असे मानणे, मागता येतो.

माझ्या सहकाऱ्याच्या अभिवेदनाला पाच महिने झाले आहेत. आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे की, प्रतवारी कळवल्याची पोचपावती जोडलेली नसेल तर तो अहवाल पदोन्नती समितीने विचारात घेऊ नये, आणि आधीच्या वर्षापेक्षा प्रतवारी घसरवणाऱ्या अधिकाऱ्याने त्यामागचा प्रसंग तारखेसह लिहावा, असे परिपत्रक काढावे.

आपला,
एक निवृत्त अधीक्षक, पुणे