क्रमवारी चित्रांची, की चौकटींची?

संगणकाला गाड्या ओळखायला शिकवण्यासाठी रस्त्यांच्या चित्रांत प्रत्येक गाडीभोवती चौकट आखण्याच्या घरबसल्या कामात रोजचं टार्गेट आणि कामगारांची क्रमवारी चित्रांवर मोजली जाते, घोळ तिथेच होतो. समजा, आठ तासांत ४०० चित्रं. म्हणजे एका चित्राला ७२ सेकंद. रिकाम्या रस्त्याचं चित्र दहा सेकंदांत उरकतं; पण सिग्नलवरच्या गर्दीत चौदा गाड्या असल्या आणि प्रत्येकीभोवती चौकट आखायला आठ सेकंद लागले, तर ११२ सेकंद जातात. मग बसमागे अर्धी झाकलेली स्कूटर सुटते. चुकीची चौकट तपासनिसाच्या डोळ्यांत खुपते, न आखलेली सहसा नाही. त्यामुळे गाड्या गाळणाराच क्रमवारीत वर चढतो! चित्रांऐवजी चौकटी मोजाव्यात, आणि आधीच उत्तरं ठाऊक असलेली काही चित्रं गुपचूप मिसळून सुटलेल्या गाड्यांचे गुण कापावेत.

– एक वाचक, पुणे