तिच्या दोन ओळी, तुझ्या बावीस

वेंगुर्ला

प्रिय बाबल्या,

बरो आसस मां? काल तू रत्नागिरीच्या स्थळाशी झालेलं चॅट वाचायला पाठवलंस आणि विचारलंस, "सुरुवातीला छान बोलायची, आता का तुटक बोलते?" मी ते दोनदा वाचलं. तिचा रस गेलाय असं मला वाटत नाही. तिला तुझा वेग झेपत नाहीये.

तो मंगळवारचा भाग बघ. दुपारी सव्वाला, जेवणाच्या सुट्टीत तिने लिहिलंय, "आज बँकेत खूप गर्दी. तुमच्याकडे मोहोर कसा आहे?" मिनिटाभरात तुझे पाच मेसेज गेले: मोहोर, तुडतुडे, फवारणीचा खर्च, गडी मिळत नाहीत, आणि वर तीन प्रश्न. ती परत काउंटरवर बसली असणार. रात्री तिचं उत्तर आलं, "अच्छा. छान." एवढ्याला तोडीस तोड लिहायचं तर अर्धा तास हवा, तो नसला की माणूस असंच दोन शब्दांत आटोपतं. मग तुला वाटलं तिला बोलायचं नाही, म्हणून तू आणखी लिहिलंस, आणि ती आणखी आखडली.

समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि ऐकणारा मध्ये "हं, मग?" म्हणत असतो. त्यावरून आपण किती बोलायचं ते कळतं. चॅटमध्ये तो हुंकार नाही. तिथे तिच्या मेसेजची लांबी हाच हुंकार समज.

मंगळवारी एवढंच पुरलं असतं: "मोहोर चांगला आहे, पण तुडतुड्यांमुळे उद्या फवारणी. गर्दी पेन्शनवाल्यांची का?" तिच्या दोन ओळींना तुझ्या दोन, फार तर तीन, प्रश्न एकच, आणि सगळं एकाच मेसेजमध्ये, म्हणजे तिचा फोन पाचदा वाजत नाही. बाकीचं ती विचारेल तेव्हा सांग. पण मोजमाप एकेका मेसेजचं करू नकोस, आठवडाभराचं चॅट वर सरकवून बघ. कुठे तिने चार ओळी लिहिल्यात आणि तू नुसता अंगठा दिलायस, असंही सापडेल. तेही तितकंच खुपतं.

वेळेचं मात्र वेगळं आहे. तिला तीन तास लागले म्हणून आपणही मुद्दाम तीन तास थांबायचं, हा खेळ मला मुळीच पटत नाही. मोकळा असशील तेव्हा उत्तर दे. फक्त तिचं येईपर्यंत दुसरा मेसेज टाकू नकोस, आणि निळी खूण दिसली म्हणून "वाचलंस ना?" तर नकोच. दोघं ऑनलाइन असाल तेव्हा भराभर बोला. फवारणीला जाताना "संध्याकाळी लिहितो" एवढं कळव, म्हणजे तीही ताटकळत नाही. कुणी आजारी असेल, काही अडचण असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि सरळ फोन कर.

आणि तिला एकदा विचारच, "दिवसा लिहिलेलं चालतं की रात्री बरं पडतं?" काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
दाजी