कसाऱ्याच्या फलाटावरून

टिटवाळा,
रविवार दुपार

प्रिय विज्या,

वाशिंदच्या नव्या घराच्या चाव्या मिळाल्या हे वाचून बरं वाटलं. वहिनींना दुसऱ्या मजल्यावरची मोकळी गॅलरी आवडली असणार, आणि आईंना तिथली हवा. तुझी ड्युटी मात्र अकराला सुटणार, म्हणजे तू आता आमच्या शेवटच्या कसारा लोकलच्या मंडळात आलास. "झोप लागून पुढे गेलो तर काय रे?" असं तू पत्रात थट्टेत विचारलं आहेस. ह्या गाडीला जो नेमाने बसतो त्याच्यावर कधी ना कधी ही पाळी येतेच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध्यरात्र उलटल्यावर सीएसएमटीहून सुटणारी ही गाडी तीनच्या आगेमागे कसाऱ्याला पोचते. ठाणे-डोंबिवलीपर्यंत उभ्याने जायचं, कल्याणला डबा रिकामा व्हायचा आणि बसायला मिळताच पापण्या मिटायच्या. घात होतो तो इथेच. कल्याणपर्यंत गर्दीच्या धक्क्यांनी माणूस जागा राहतो, पुढे शहाड, आंबिवलीला चार-दोन जण उतरतात आणि कोणी कोणाला हलवत नाही. त्यात थंडीच्या दिवसांत खिडक्या लावलेल्या असल्या की बाहेरचं काही ऐकूही येत नाही.

मागच्या हिवाळ्यात माझी दोन माणसांची ड्युटी एकट्याने झाली होती. कल्याणनंतर कोपऱ्यातली जागा मिळाली, पाठ टेकली, आणि डोळे उघडले तेव्हा गाडी एका अंधाऱ्या स्टेशनातून सुटत होती. दिव्याखाली पाटी दिसली, आटगाव. टिटवाळ्यानंतर खडवली, वाशिंद, आसनगाव सगळं मागे गेलेलं. घड्याळात अडीच वाजायला आलेले. माझ्यासमोर एक तरुण पोरगा बसला होता, खडवलीचा. तोही नुकताच जागा झाला होता. तो ताडकन उठून दाराशी गेला आणि म्हणाला, "काका, पुढच्या स्टेशनला उतरू आणि परत फिरू."

मी त्याला हाताला धरून बसवलं. आता माझा हिशेब नीट वाच, कारण सगळं त्यावरच आहे.

मुंबईकडे जाणारी पहाटेची पहिली लोकल सुटते तीच कसाऱ्याहून, चारच्या सुमाराला. तीच मग खर्डी, आटगाव असं करत खाली येते. म्हणजे आटगावला उतरलास काय, खर्डीला उतरलास काय, तुला मिळणारी गाडी तीच. फरक एवढाच, की कसाऱ्याला तू तिच्यात तास-पाऊण तासात बसशील, आणि आटगावला निर्मनुष्य फलाटावर दोन तास कुडकुडत तिचीच वाट पाहशील. घरी पोचायची वेळ मिनिटानेही बदलत नाही. घरापासून लांब चाललोय ह्या भीतीने जीव घाबरा होतो आणि माणूस दिसेल तिथे उतरतो. तानशेत किंवा उंबरमाळीसारख्या स्टेशनांवर रात्री अडीचला चहा सोड, बोलायला माणूसही मिळायची मारामार. कसाऱ्याला निदान दिवे असतात, स्टेशन मास्तर जागा असतो, रेल्वे पोलीस असतात.

तुझ्यासाठी ह्या हिशेबाला एक अपवाद आहे. वाशिंद चुकलं आणि आसनगावला जाग आली तर मात्र लगेच उतर. वाशिंद तिथून एकच स्टेशन मागे आहे, शहापूर जवळ असल्यामुळे स्टेशनबाहेर रिक्षा सापडायची शक्यता असते, आणि सकाळच्या काही गाड्या आसनगावहूनच सुटतात. आसनगाव मागे पडलं की मात्र गपचूप बसून राहा आणि थेट कसारा गाठ.

आम्ही दोघं कसाऱ्याला उतरलो. थंडी अशी की तोंडातून वाफ. पूलावर चढायच्या आधीच टीसी भेटला. माझा पास टिटवाळ्यापर्यंतचा, त्या पोराचा खडवलीपर्यंतचा. मी आपणहून सांगितलं, झोप लागली म्हणून. त्याने ऐकून घेतलं, हसलाही, पण पावती फाडलीच. पासाच्या हद्दीपलीकडचं भाडं आणि वर दंडाचे किमान 250 रुपये. नियम तसाच आहे, झोपलेल्याला वेगळा नियम नाही. पोरगा हुज्जत घालायला लागला तेव्हा मी त्याला म्हटलं, पावती खिशात नीट ठेव. परतीचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं, ते खिडकी उघडताच काढलं. तुझा पास वाशिंदपर्यंतचा असेल तर पाकिटात नेहमी तीन-चारशे रुपये रोख असू देत, फोनची बॅटरी त्या वेळी हटकून मेलेली असते.

मग घडली ती खरी गंमत. साडेतीनच्या आसपास एक लांब पल्ल्याची गाडी आली आणि फलाटाला थांबली. डबे उजळलेले, दारं उघडी. तो पोरगा बॅग उचलून धावला, "काका, कल्याणला थांबेल ही!" मी ओरडून त्याला थांबवलं. कसाऱ्याला रात्री मेल-एक्स्प्रेस थांबलेली दिसली तर ती बहुतेक वेळा नाशिककडे चाललेली असते. पुढे थळ घाट आहे, 37 फुटांमागे 1 फूट असा चढ, आणि तो एकट्या इंजिनाला झेपत नाही. म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना इथे मदतीची इंजिनं जोडतात, आणि ती जोडेपर्यंत गाडी उभी राहते. ती इंजिनं सोडवतात ती थेट इगतपुरीला. मुंबईकडे उतरणाऱ्या बहुतेक गाड्या मात्र कसाऱ्याला न थांबता धडधडत निघून जातात. म्हणजे जी थांबते ती नको असलेली आणि हवी असलेली थांबत नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो: आपली लोकल ज्या दिशेला तोंड करून आली, त्याच दिशेला गाडीचं इंजिन असेल तर ती घाट चढणार. त्या गाडीत चढला असता तर पोरगा पहाटे इगतपुरीला उतरला असता, चुकीच्या तिकिटावर, घरापासून आणखी लांब.

रस्त्याचा विचार मीही केला होता. स्टेशनबाहेर काळ्या-पिवळ्या जीप उभ्या असतात, पण त्या नाशिकच्या. एका ड्रायव्हरला टिटवाळ्याचं विचारलं तर त्याने दोन हजार सांगितले, तेही "बघतो" म्हणून. मुंबई-नाशिक हायवे गावाला लागून आहे आणि रात्रभर ट्रक चालू असतात. एखादा ट्रकवाला घेईलही, पण हायवे टिटवाळ्याला येत नाही. तो शहापूर, वाशिंद करत पडघ्याकडून भिवंडीला जातो. मला तो पहाटे चारला पडघ्याच्या आसपास कुठेतरी सोडणार, आणि तिथून पुढे टिटवाळ्याला जायला त्या वेळी काही नाही. तुझं तसं नाही, वाशिंद हायवेलगत आहे. तरी मी तुला ट्रकचा सल्ला देणार नाही. झोपेने अर्धवट असलेल्या प्रवाशाने अनोळखी आणि बहुधा तितक्याच झोपेत असलेल्या ड्रायव्हरशेजारी बसायचं, तेही गाडी तासाभरात सुटणार असताना, ह्यात शहाणपण नाही. आणि फलाट सोडून रुळांवरून चालत निघायचा विचारही मनात आणू नकोस. कल्याणच्या पुढे मेल, मालगाड्या आणि लोकल ह्यांची वाट एकच आहे आणि रात्री कधी कुठली गाडी येईल ह्याचा नेम नाही.

पहिली लोकल फलाटाला लागली तशी भाजीवाल्या बाया पाट्या घेऊन लगेजच्या डब्याकडे निघाल्या, दुधाचे कॅनही चढले. आम्ही दोघं मधल्या डब्यात बसलो आणि एकमेकांना जागं ठेवायचं ठरवलं. गाडी सुटायला पंधरा मिनिटं उशीर झाला, कारण मागून मुंबईकडची एक मेल आधी सोडली. हे नेहमीचं आहे, वाट एकच असली की मेलला आधी जाऊ देतात. आसनगावपासून कामाला निघालेली माणसं चढायला लागली आणि मग झोपायची सोयच उरली नाही. पोरगा खडवलीला उतरला, मी पुढे टिटवाळ्याला. बायकोला कसाऱ्याहून त्या पोराच्या फोनवरून कळवलं होतं, म्हणून घरी आरडाओरडा झाला नाही. घरचा नंबर पाठ असू दे, हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं, पण इथे आठवलं.

आता मुळात पुढे जायलाच लागू नये म्हणून. फोनचा गजर लाव, पण तो वेळेचा नको, कारण ही गाडी रोज वेळेवर कुठे धावते? ठिकाण जवळ आलं की वाजणारे गजर मिळतात, त्यात आधीचं स्टेशन टाक. तुझ्यासाठी खडवली. कंप चालू ठेवून फोन आतल्या खिशात ठेव, वरच्या खिशातून तो झोपेत पळवतात. आणि "स्टेशन आलं की उठवा" असं शेजाऱ्याला सांगायचं तर आधी तो कुठे उतरणार ते विचार. बदलापूरच्या माणसाला वाशिंदचं सांगणारे मी पाहिले आहेत, ती गाडीच वेगळी, आणि हा कल्याणला उतरून मोकळा! आसनगावचा गडी पकड. कल्याणला डबा पार रिकामा होत असेल तर उठून दुसऱ्या डब्यात जा, चार माणसं असतील तिथे. एकटा झोपलेला माणूस आणि मांडीवरची बॅग चोराला लांबून दिसते. कोणी त्रास द्यायला लागलं किंवा तब्येत बिघडली तर 139 हा रेल्वेचा नंबर रात्रीही लागतो.

आणखी एक, थंडीत बॅगेत मफलर किंवा पातळ शाल असू दे. आणि मोबाइलवर कसाऱ्याहून सुटणाऱ्या गाड्यांचं ताजं वेळापत्रक ठेव, कारण ते दर थोड्या काळाने बदलतं आणि मी सांगितलेल्या वेळा पुढच्या वर्षी लागू असतीलच असं नाही.

घर लावून झालं की वास्तुशांतीची तारीख कळव. त्या दिवशी मी दुपारच्या गाडीने येईन. आईंना नमस्कार, वहिनींना सांग की दहीभात पुरे, बाकी काही करू नका.

तुझा,
मुकुंदा