आधी पाणी, मग चहा, मग काम

औसा, जि. लातूर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गावातली माणसं येतात, दोन मिनिटं टेकतात आणि काही न बोलताच उठून जातात, असं तू लिहिलंस. पुढं हेही लिहिलंस की माणूस दारात आला की तू लगेच विचारतोस, "काय काम काढलंत?" दत्ता, माणूस तिथंच मागं सरतो. उंबऱ्यातच कामाचं विचारलं की अडलेला माणूस "काही नाही, सहज आलतो" म्हणतो आणि चपला घालतो.

आपल्याकडं आधी तांब्या पुढं येतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही घरोघरी तो येतच होता, फार तर अर्धा भरून. उन्हातून आलेल्याला लगेच गार पाणी देऊ नकोस. आधी सावलीत बसू दे, घाम जिरू दे, गुळाचा खडा हातावर ठेव, मग पाणी. चहा टाकायला सांगितलास की दहा मिनिटं मिळतात. त्यात पाऊसपाणी, लेकरंबाळं, गुरंढोरं विचारावीत, कामाचं नाही. घरात दूध नसलं तर कोरा चहा चालतो, पण त्यात अद्रक असू दे.

गेल्या मृगाच्या तोंडावर शेजारच्या गावचे एक मामा आले. पाणी झालं, बैलांचं बोलणं झालं. चहा बशीत ओतला, पण बशी तशीच हातात धरून बसले. मग खाली बघत म्हणाले, "यंदा बियाण्याच्या बॅगा लई महाग झाल्यात." मी पोरांना बाहेर पाठवलं, कारण चारचौघांत अशा माणसाच्या तोंडून पुढचा शब्द निघत नाही. आणि त्यांना मागायची वेळ येऊ न देता मीच म्हणालो, "मामा, आमच्या घरचं सोयाबीन ठेवलंय. तुमच्या दोन एकराला साठ किलो लागेल, घेऊन जा."

द्यायचं ते खात्रीचं द्यावं. मी आधीच शंभर दाणे ओल्या बारदानात गुंडाळून, आठवडाभर ओल मोडू न देता ठेवले होते. ऐंशीच्या वर उगवले होते. सत्तरच्या खाली असते तर ते बी मी त्यांना दिलंच नसतं, कारण दुबार पेरणी त्यांना झेपली नसती. मामांनी सुगीनंतर तेवढंच सोयाबीन परत आणून घातलं. मी नको म्हणालो नाही. नको म्हटलं असतं तर पुढच्या अडचणीला ते आमच्याकडं आले नसते.

आपल्याच्यानं होण्यासारखं नसलं, तर "बघू" म्हणून ताटकळत ठेवू नकोस. चहा संपल्यावर स्पष्ट सांग, आणि ते काम कुणाकडं होईल तेही सांग. जमलं तर गाडीवर बसवून तिथवर सोडून ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळू